चार वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा प्राणिसंग्रहालयात नेताना: सहा प्राणी, एक दोरी आणि शेपट्यांचा खेळ

थोरली चार वर्षांची असताना आम्ही तिला पहिल्यांदा प्राणिसंग्रहालयात नेलं. चार तास फिरलो आणि नकाशावरचा प्रत्येक कोपरा पायाखालून घातला. घरी आल्यावर आजीनं विचारलं, "काय काय पाहिलंस गं?" उत्तर आलं, "नळ होता, त्यातून पाणी गळत होतं. आणि खारूताई." हत्तीपुढे ती रडली होती, सिंह झोपलेला होता, वाघ तिला दिसलाच नाही, आणि शेवटचा एक तास ती माझ्या कडेवर होती.

धाकटा चार वर्षांचा झाला तेव्हा मी सगळं वेगळ्या पद्धतीनं केलं. दोन तासांत सहा प्राणी पाहिले आणि सबंध फेरीला मिळून एकच प्रश्न ठेवला. त्याला आजही तो दिवस प्राण्यांच्या क्रमासकट आठवतो. त्या दोन फेऱ्यांत जे शिकले, ते इथे क्रमानं लिहिते आहे.

## १. आठ दिवस आधी: आकाराची ओळख

थोरली हत्तीपुढे का रडली, हे मला फार उशिरा कळलं. तिच्या पुस्तकात हत्ती एका पानावर होता आणि उंदीर समोरच्या पानावर, दोघंही तळहाताएवढे. खेळण्यातला हत्ती तर कुत्र्याहून लहान होता. चार वर्षांच्या मुलासाठी हत्ती तेवढाच असतो. मग एकदम भिंतीएवढं काहीतरी हलताना दिसलं की ते घाबरणारच. "घाबरायचं नाही, तो काही करत नाही" हे त्या क्षणी सांगून काही उपयोग होत नाही. आकार आधीच अंगवळणी पाडावा लागतो.

त्यासाठी एक जाडसर सुती दोरी घ्या आणि ती बरोबर १२० सेंटिमीटर कापा. साधारण २.४ मीटर उंचीच्या मोठ्या आशियाई हत्तिणीच्या पुढच्या पावलाचा घेर एवढा असतो. हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. पुढच्या पावलाचा घेर दुप्पट केला की खांद्यापर्यंतची उंची जवळपास मिळते, आणि हत्तींचा अभ्यास करणारे जमिनीवरच्या ठशावरून असाच अंदाज बांधतात. त्या दोरीचा जमिनीवर गोल करा आणि मुलाला आत उभं करा. आमचा धाकटा आत दोन्ही पाय जुळवून उभा राहिला तरी भोवती जागा उरली. मग दोरी सरळ करून त्याच्या शेजारी उभी धरली, तर ती त्याच्या डोक्यावरून वर गेली. "हे एकच पाऊल?" असं त्यानं तीन वेळा विचारलं. त्यानंतर दुप्पट उंची दाखवायला मी दाराच्या चौकटीच्या वरच्या भिंतीवर कागदाचा तुकडा चिकटवला: इथे हत्तीचा खांदा.

जिराफासाठी जमीन वापरा. मोठा नर साडेपाच मीटरपर्यंत उंच असतो. तेवढं अंतर खडूनं आखा आणि मुलाला एका टोकाला, म्हणजे खुरांपाशी, झोपायला सांगा. नुकतं जन्मलेलं पिल्लूही जवळपास १.८ मीटर, म्हणजे बहुतेक बाबांहून उंच, हे सांगायला विसरू नका. आमच्याकडे त्यावरून बाबांची दोन दिवस थट्टा चालली होती.

दोरी टाकून देऊ नका, पुढे तिचं काम आहे.

## २. सहाच प्राणी निवडा

हे मोठ्यांना फार जड जातं. तिकीट काढलं आहे, तर सगळं पाहून घेऊ, असं वाटतं. पण या वयाचं मूल एका प्राण्यापाशी खऱ्या अर्थानं रमायला दहा-पंधरा मिनिटं घेतं, त्यात चालणं, पाणी पिणं, शू-शी धरा. दोन तासांत सहा प्राणी होतात. सातवा घेतलात तर सहाव्यापाशी रडारड ठरलेली.

निवडताना झोपाळू प्राण्यांवर सगळी मदार ठेवू नका. सिंह दिवसातले वीस तासांपर्यंत पडून असतो. वाघ-बिबटेही भर दुपारी सावलीत असतात, त्यामुळे ते दिसले तर ठीक, अशाच यादीत. जे दिवसा काही ना काही करत असतात, असे तीन प्राणी तरी हवेत: हत्ती, जिराफ, माकडं, हरणं. एखादा असा घ्या जो हलतच नाही, म्हणजे मगर. तिचा उपयोग पुढे सांगते. एखादा पाण्यातला घ्या. आमची यादी होती हत्ती, जिराफ, माकडं, मगर, पाणघोडा, मोर. वाघ सातवा, पण "वाटेत दिसला तर" या बोलीवर.

आता नकाशा. बहुतेक ठिकाणी तो संकेतस्थळावर किंवा दारापाशी मिळतो. सहा जागांवर मुलाच्या हातानं टिकल्या चिकटवा आणि टिकल्या जोडणारी रेघ तुम्ही ओढा. सगळ्यात मोठा प्राणी पहिला घ्या, कारण तेव्हा मूल ताजं असतं. माकडं शेवटी, कारण दमलेलं मूलही माकडांपुढे जागं होतं. साप्ताहिक सुट्टी कधी आहे, खाद्य देण्याची वेळ कोणती आणि कुठला विभाग डागडुजीसाठी बंद आहे, या तीन गोष्टी आदल्या दिवशी फोन करून विचारा. आम्ही एकदा विचारलं नव्हतं आणि बंद दारापुढे उभं राहून जिराफाची समजूत काढावी लागली होती, म्हणजे जिराफासाठी रडणाऱ्या मुलीची.

## ३. काय होऊ शकतं, हे आधीच सांगा

तीन गोष्टी बोलून ठेवा.

झोप. "वाघ झोपलेला असेल तर आपण काय करायचं?" असा प्रश्न विचारा आणि उत्तर मुलाकडून येऊ द्या. आमच्याकडे ठरलं की हळू आवाजात "झोप रे" म्हणायचं आणि त्याचं पोट वरखाली होतंय का ते बघायचं. झोपलेल्या प्राण्याचा श्वास मोजणं हा खराच खेळ आहे, आणि मुलं पाच श्वासांपर्यंत सहज टिकतात.

वास. हत्तीखाना, पाणघोड्याचं डबकं, माकडांचे पिंजरे, प्रत्येकाचा वास निराळा आणि उग्र. "ई" असं म्हणायला मोकळीक द्या, पण त्याचबरोबर "हा कुणाचा?" हे ओळखायला लावा. नाक मुरडण्याऐवजी नाक कामाला लागतं.

आवाज. सिंहाची गर्जना मोकळ्या रानात आठ किलोमीटरपर्यंत ऐकू जाते. ती दहा-वीस मीटरवर ऐकली तर छातीत घुमते, मोठ्या माणसालाही दचकायला होतं. घरी मोबाइलवर ऐकवा, पण "खरा आवाज याहून खूप मोठा असतो, तेव्हा कान झाकायचे आणि माझ्या पायाला बिलगायचं" एवढं ठरवून ठेवा. काय करायचं ते माहीत असलेलं मूल कमी घाबरतं.

आणि एक तालीम. सोफ्यामागे मऊ खेळणी बसवा, सोफ्याची पाठ म्हणजे कठडा. कठड्यावर चढायचं नाही, काच ठोकायची नाही, खाऊ फेकायचा नाही, ओरडून बोलवायचं नाही. हे नियम घरात चार वेळा खेळले की तिथे बजावायला लागत नाही. उलट आमचा धाकटा अनोळखी काकांना जाऊन "काच ठोकायची नाही" असं सांगून आला, आणि काकांनी हात खिशात घातला.

## ४. बरोबर काय घ्यायचं

- तिकिटं, आणि मुलाच्या जन्मतारखेचा पुरावा मोबाइलमध्ये. काही ठिकाणी लहानांची सवलत वयावर असते, काही ठिकाणी उंचीवर.
- टिकल्या लावलेला नकाशा.
- पाणी, खाऊ, टोपी, कपड्यांचा एक जोड, ओला रुमाल, साबण.
- जाड कागदाच्या सहा चिठ्ठ्या आणि एक मेणखडू. पेन्सिल नको, तिचं टोक मोडतं आणि ते मूल रडतं.
- मनगटाला बांधायची कापडी पट्टी, तिच्यावर तुमचा फोन नंबर. नाव लिहू नका, अनोळखी माणसानं नावानं हाक मारली की मूल पटकन विश्वास ठेवतं.
- दुर्बीण नको. चार वर्षांच्या मुलाला दोन्ही डोळ्यांनी एकच चित्र जमत नाही, त्यातच वेळ जातो. कागदाची पोकळ नळी पुरते, कारण तिच्यातून एका वेळी एकच गोष्ट दिसते आणि नजर ठरते.

खेळणी, फुगे आणि हातातून निसटेल असं काहीही घरी ठेवा. खंदकात पडलेली वस्तू प्राणी गिळू शकतो.

## ५. दारापाशी पाच मिनिटं

दार उघडतानाच पोचा. सकाळी प्राणी बाहेर सोडलेले असतात, ऊन कमी असतं आणि गर्दी व्हायची असते.

आत शिरण्याआधी मुलाचा एक उभा फोटो काढा, म्हणजे आज अंगात कुठले कपडे आहेत हे पुढे सांगता येतं. मग गणवेशातला एक कर्मचारी दाखवा: "मी दिसले नाही तर जागेवर थांबायचं आणि असा शर्ट घातलेल्या माणसाला ही पट्टी दाखवायची." हे दोनदा म्हणून घ्या. नंतर स्वच्छतागृह. मुलाला लागलेली नसली तरी जाऊन या, कारण पहिल्या हत्तीपाशी पोचलं की लागते.

आणि एक गोष्ट, जी मला थोरलीच्या वेळी सुचली नाही. पहिल्या कठड्यापाशी तुम्ही स्वतः उकिडव्या बसा. चार वर्षांच्या मुलाची उंची एक मीटरच्या आसपास असते आणि डोळे त्याहून दहा-बारा सेंटिमीटर खाली. पुष्कळ कठड्यांचा आडवा दांडा नेमका तिथेच येतो. तुम्ही "तो बघ, तो बघ" म्हणत असता तेव्हा मुलाला रंगवलेला लोखंडी पाइप दिसत असतो. थोरलीला वाघ का दिसला नाही, हे मला तेव्हा कळलं. मुलाला कठड्यावर बसवू किंवा उभं करू नका, हा अपघाताचा सरळ रस्ता आहे. जिथे दांड्याखालून किंवा काचेतून दिसतं अशी जागा शोधा, नाहीतर कडेवर घ्या आणि स्वतः कठड्यापासून एक पाऊल मागे राहा. काचेवर उजेड चमकत असेल तर मुलाच्या दोन्ही हातांच्या ओंजळी डोळ्यांच्या बाजूंना लावून काचेला टेकवा.

## ६. शेपट्यांचा खेळ

"नीट बघ" असं सांगितलं की मूल बघत नाही. काय बघायचं तेच त्याला कळत नाही. म्हणून पूर्ण फेरीला एकच प्रश्न ठेवा: याची शेपटी कशी आहे, आणि तो तिचं काय करतो?

शेपटीच का? ती बहुतेकांना असते, जवळपास प्रत्येकाची वेगळी असते, ती हलते, आणि ती मागे असते. शेवटचं कारण सगळ्यात महत्त्वाचं. तोंड बघायचं असेल तर प्राण्यानं आपल्याकडे वळायला हवं. प्राणी मात्र बहुतेक वेळा पाठ करून उभे असतात, आणि तेव्हाच शेपटी नीट दिसते. निराशेचा क्षणच कामाचा होतो.

प्रत्येक प्राण्यापाशी एक चिठ्ठी काढा. मूल मेणखडूनं शेपटीची एक रेघ ओढेल: लांब, आखूड, वाकडी, झुपक्याची. मागे तुम्ही प्राण्याचं नाव आणि मुलानं म्हटलेलं एक वाक्य लिहा, त्याच्याच शब्दांत. सुधारू नका.

आमची फेरी अशी झाली.

*हत्ती, वीस मिनिटं.* आकाराचं भय दोरीनं संपवलं होतं. त्यानं आधी पाय पाहिले, मग शेपटी. शेपटी अंगाच्या मानानं बारीक आणि टोकाला राठ केस. माशी बसली की ती फटकन येते. आम्ही दहा फटके मोजले. मग हत्तीनं सोंडेत पाणी ओढलं आणि धाकटा म्हणाला, "नाकानं पितोय." थांबून बघितलं तर सोंडेतलं पाणी त्यानं तोंडात सोडलं. सोंड इथे पेल्यासारखी वापरली जाते, नळीसारखी नाही, हे त्याला तिथे उभं राहून कळलं. चिठ्ठीवरचं वाक्य: "मागे छोटा झाडू."

*जिराफ, पंधरा मिनिटं.* लांब शेपटी, टोकाला काळा झुपका. पण आमचा अर्धा वेळ जिभेत गेला. ती हातभर, साधारण ४५ सेंटिमीटर असते आणि पुढचा भाग काळसर जांभळा. "शाई प्यायलाय," असा निष्कर्ष निघाला. मी खोडला नाही, पण विचारल्यावर सांगितलं: त्या रंगामुळे उन्हापासून बचाव होत असावा, असं मानतात.

*मगर, दहा मिनिटं.* पाठीमागे निम्मी मगर शेपटीच आहे. ती तिनंच पोहते, पाय अंगाला चिकटवून घेते. आमची मगर काठावर तोंड उघडं ठेवून पडली होती. भोवतीची माणसं म्हणत होती की ती खोटी आहे, पुतळा आहे. तोंड उघडं ठेवून ती उष्णता बाहेर टाकते, आपल्याकडे बघून जबडा वासत नाही. इथे आम्ही पुतळ्याचा खेळ खेळलो: मगर आधी हलते की आपण? धाकटा अकरा आकड्यांपर्यंत टिकला. मगर जिंकली. न हलणाऱ्या प्राण्यापाशी दहा मिनिटं घालवायचा मला ठाऊक असलेला हा एकच उपाय.

*पाणघोडा, पंधरा मिनिटं.* डोळे, कान आणि नाकपुड्या तिन्ही डोक्याच्या अगदी वर, म्हणून बाकी सगळं पाण्यात ठेवूनही त्याचं काम चालतं. श्वासाला वर आला की कान भिंगरीसारखे फडफडवतो. पण मोठा अध्याय शेपटीचा. ती आखूड आणि चपटी असते, आणि शी करताना तो ती इकडून तिकडे जोरात हलवून सगळीकडे उडवतो. नर असं करून आपली हद्द दाखवतात. आम्हाला हे प्रत्यक्ष पाहायला मिळालं. त्यानंतर आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. चिठ्ठीवरचं वाक्य मी इथे देत नाही.

*मोर, दहा मिनिटं.* मोठ्यांचीही फसगत होते ती इथे. पिसारा म्हणजे मोराची शेपटी नव्हे. ती शेपटीच्या वर, पाठीवर उगवलेली लांब पिसं आहेत. खरी शेपटी आखूड, तपकिरी आणि साधी असते, आणि पिसारा उभा राहतो तेव्हा ती मागून आधार देते. मोर फुलला की सगळी गर्दी पुढे धावते. तुम्ही मुलाला घेऊन मागे जा. आम्ही गेलो, आणि आख्ख्या गर्दीत ती तपकिरी शेपटी आम्ही दोघांनीच पाहिली. विणीचा हंगाम संपला की पिसारा झडतो, तेव्हा मोर बोडका दिसला तर आजारी आहे असं सांगू नका.

*माकडं, पंधरा मिनिटं.* शेपटी आहे का, ते आधी. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांना ती नसते, आणि "नाही" हेही एक उत्तर आहे, ती चिठ्ठी कोरी ठेवायची. स्पायडर मंकी शेपटीनं फांदी धरतो, तिच्यावर लटकतोसुद्धा. पण सगळी माकडं तसं करत नाहीत, फक्त अमेरिकेतली काही. इथे एक सूचना: माकडाच्या डोळ्यांत रोखून बघायचं नाही आणि दात दाखवून हसायचं नाही. अनेक जातींत रोखलेली नजर ही धमकी असते, आणि दात दाखवणारं माकड हसत नसतं, ते घाबरलेलं किंवा चिडलेलं असतं.

वाघ वाटेत दिसला, झोपलेला. चार मिनिटं. त्याची शेपटी जवळजवळ एक मीटर, म्हणजे "माझ्याएवढी". पाच श्वास मोजले, "झोप रे" म्हटलं आणि पुढे गेलो. थोरलीच्या वेळी याच प्रसंगी आम्ही अर्धा तास टाळ्या वाजवत उभे होतो, आणि आज मला त्याची लाज वाटते.

## ७. अवघड प्रश्न

ते येणारच, आणि गर्दीत मोठ्या आवाजात येणार.

"याला कोंडून का ठेवलंय?" मी सांगितलं की यातले बरेच प्राणी इथेच जन्मले आहेत, त्यांना रानात शिकार करून राहता येणार नाही. काही जखमी होऊन आलेले असतात, काहींची जात रानात फार थोडी उरली आहे म्हणून सांभाळतात. "त्याला आवडतं का?" याचं उत्तर मी "सगळ्यांना आवडत असेल असं नाही" असंच दिलं.

एखादा प्राणी एकाच वाटेवरून सारखा ये-जा करत असेल, किंवा हत्ती एका जागी उभा राहून डुलत असेल, तर "बघ, नाचतोय" असं म्हणू नका. हे बंदिस्त जागेतल्या कंटाळ्याचं आणि ताणाचं लक्षण असू शकतं. खाद्याची वेळ जवळ आली की येरझाऱ्या वाढतातही. "त्याला करायला काही नसेल, किंवा जेवणाची वाट बघत असेल" एवढं पुरतं. आत टांगलेले ओंडके, गोण्या, टायर दाखवा: ते त्याला काहीतरी करायला मिळावं म्हणूनच ठेवलेले असतात.

मांस खाताना बघायचं की नाही, हे तुमच्या मुलावर. आमचा बघून आला, थोरली आजही बघत नाही.

## ८. थांबायची वेळ

मूल एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे धावत सुटलं, "आता कुठला?" असं विचारायला लागलं, किंवा खड्यांशी खेळायला बसलं, की दिवस संपला. चौथ्या प्राण्यापाशी झालं तरी संपला. उरलेल्या टिकल्या पुढच्या वेळी. बाहेर पडताना साबणानं हात धुवा, खाऊ त्यानंतर.

बाहेरच्या दुकानाचा रस्ता नेमका बाहेर जायच्या वाटेवर असतो. "आपण आज शेपट्या घेऊन चाललोय, त्या घरी करायच्या आहेत" हे वाक्य मी आधीच, जिराफापाशी, पेरून ठेवलं होतं. तरी एक चुंबकाचा पाणघोडा घ्यावा लागला.

पीस, हाड, सापाची कात असलं काही उचलून आणू नका. पिसांवरून रोग पसरतात, आणि बऱ्याच ठिकाणी उचलायला मनाईच असते. तिथलं काही हवंच असेल तर झाडाच्या सालीवर कागद धरून मेणखडू आडवा घासा, सालीचा छाप उमटतो. त्याला दोन मिनिटं लागतात आणि कुणाचं काही जात नाही.

## ९. शेपट्यांची दोरी

हे त्याच संध्याकाळी करू नका, मूल दमलेलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी करा. तिसऱ्या दिवसापर्यंत ढकललं तर जिराफ आणि हत्ती एकमेकांत मिसळायला लागतात.

ती १२० सेंटिमीटरची दोरी काढा, हत्तीच्या पावलाची. भिंतीवर दोन खिळ्यांत आडवी बांधा, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. मग चिठ्ठ्या त्याच क्रमानं मांडा आणि एकेक शेपटी बनवायला घ्या. हत्तीसाठी सुतळी, टोक उसवून राठ केस. जिराफासाठी वेणी घातलेली लोकर आणि काळा झुपका. मगरीसाठी पुठ्ठा, वरच्या कडेला कात्रीनं करवतीसारखे दात, कात्री तुमच्या हातात. पाणघोड्यासाठी कापडाचा चपटा तुकडा. मोरासाठी, आणि इथे मुलाची परीक्षा असते, तपकिरी कागदाचा आखूड पंखा. रंगीत पीस मागितलं तर "मागून काय दिसलं होतं?" एवढंच विचारा. शेपटी नसलेल्या माकडासाठी रिकामा चिमटा लावायचा. त्या दिवशी पाहिलेला वाघही आम्ही टांगला, नारिंगी मोज्यावर काळे पट्टे ओढून.

प्रत्येक शेपटीमागे तिची चिठ्ठी चिमट्यानं अडकवा. डिंकानं चिकटवू नका, कारण मूल त्या काढतं, लावतं, क्रम बदलतं, पाहुण्यांना एकेक हातात देऊन "ओळखा" म्हणतं. आमच्याकडे रिकामा चिमटा बघून सगळे गोंधळतात, आणि धाकटा त्याचीच वाट बघत असतो.

दोरी भिंतीवर आहे. मोज्याचा वाघ एकदा धुण्यात गेला आणि पट्टे पुसून आला, तेव्हापासून तो "म्हातारा वाघ" आहे. पुढच्या फेरीसाठी धाकट्यानं कान ठरवले आहेत, आणि मगरीला कान कुठे असतात हे त्यानं मला आत्तापासून विचारून ठेवलं आहे. डोळ्यांच्या मागे, झडपेसारख्या फटीत असतात. पण मी त्याला ते सांगितलेलं नाही.